डावीकडचा चौकोन

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीला लागून, बिलांचं काउंटर आहे. त्या काउंटरवर ताई बावीस वर्षं बसल्या. त्यांना नाव होतं, नाही असं नाही, पण पगाराचा दिवस सोडला तर ते कुणी घेत नसे. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी त्या ताईच. हाडं मोडलेली, छातीत कळ आलेली, रडून डोळे सुजलेली माणसं त्यांच्यापुढे येऊन उभी राहत आणि ताई अशा हळू आवाजात आकडा सांगत, की तो ऐकून माणसाला घाम फुटायच्या ऐवजी उलट बरं वाटे. ही कला आहे. पैसे मागणारा माणूस गोड वाटणं ही सोपी गोष्ट नाही. उधारी वसूल करून बघा म्हणजे कळेल.

या रुग्णालयात परदेशातून बरीच माणसं येत. कुणाच्या देशात ऑपरेशनला नंबर लागत नसे, कुणाला इथं स्वस्त पडे. येताना पैशाची थैली कोण आणतो? कार्ड आणत. आणि परदेशी कार्ड खाचेत घातलं की यंत्राच्या पडद्यावर दोन चौकोन उमटत. डावीकडच्या चौकोनात रक्कम पाहुण्याच्या देशाच्या चलनात, उजवीकडच्या चौकोनात इथल्या चलनात. निवड पाहुण्यानं करायची, असा नियम. तो नियम यंत्राच्या मागं चिकटवलेल्या कागदावर छापलेलाही होता. फक्त यंत्र ठेवलेलं असे ताईंच्या बाजूला तोंड करून.

"तुमच्याच चलनात करू ना?" ताई विचारत. "म्हणजे नेमके किती जाणार ते इथंच कळेल, डोक्याला ताप नाही."

नाही कोण म्हणणार? परक्या गावात, परक्या नोटांच्या जंगलात, आपल्या ओळखीचा आकडा दिसला की माणसाला हायसं वाटतं. पण त्या हायसं वाटण्याची किंमत असते. इथल्या चलनात पैसे घेतले, तर रूपांतर कार्डाची कंपनी करते, त्या दिवशीच्या बाजाराच्या जवळपासच्या दरानं. मग पाहुण्याची बँक वर आपलं शेकडा दोन-तीन लावते. डावा चौकोन दाबला, तर रूपांतर इथंच होतं आणि दर ठरवते यंत्रामागची कंपनी. तो दर शेकडा सहा-सातनं महाग, कधी त्याहून जास्त. त्यातला वाटा कंपनीचा, वाटा रुग्णालयाचा. आणि एवढं करून काही बँका, दुकान परदेशातलं आहे म्हणून, आपलंही काहीतरी लावतातच. म्हणजे पाहुण्याला दोन्हीकडून फटका.

हे ताईंना ठाऊक होतं का? होतं आणि नव्हतं. पावतीवर बारीक अक्षरांत दर छापलेला असे, जादा टक्केही छापलेले असत. रोज हाताखालून जाणारी गोष्ट माणूस वाचत नाही. वरच्या खोलीत बसणाऱ्या मोठ्या मॅडम दर महिन्याला सांगत, कोणत्या काउंटरवर शंभरातल्या किती पाहुण्यांनी डावा चौकोन घेतला. ताईंचं काउंटर नेहमी पहिलं. एका वर्षी त्यांना त्याबद्दल भिंतीवरचं घड्याळही मिळालं. पुढं पुढं ताईंनी विचारायचंही सोडलं. विचारलं काय, न विचारलं काय, उत्तर एकच येणार. कार्ड आत, अंगठा डावीकडे, पावती बाहेर, "इथं सही करा हं." पावतीवर छापलेलं असे, की मला दोन्ही चलनांची निवड दिली होती आणि मी ही मान्य केली. माणसं सही करत. ऑपरेशनच्या कागदांवर इतक्या सह्या केलेल्या असतात, त्यात आणखी एक.

घरी ताई आणि आई, दोघीच. वडील लवकर गेले, तेव्हा ताई विशीच्या आत-बाहेर आणि धाकटा भाऊ शाळेत. ताईंनी लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे करायचं राहून गेलं. आधी धाकट्याचं शिक्षण, मग धाकट्याचं परदेशी जाणं, मग त्याचा संसार. त्याच्या पहिल्या विमानाचे पैसे ताईंनीच भरले होते. तो तिकडं रुळला, बायको नोकरीला लागली, मुलगी झाली. ती मुलगी वर्षाची असताना दोघांची ओढाताण होऊ लागली, तेव्हा ती आजीकडं आली आणि सात वर्षांची होईपर्यंत इथंच राहिली. दिवसभर घरभर फिरत असे म्हणून आजीनं तिचं नाव भिंगरी ठेवलं. तिला न्यायला आई-बाप आले, त्या दिवशी आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. डबे घासत बसली. स्वच्छ डबे.

भिंगरी आता कॉलेजात होती. आठवड्यातून एकदा फोन करी आणि आजी फोन कानाला उलटा लावून बोले, त्यावरून दोघी हसत.

आईला त्रास झाला तो सोमवारी. पोट फुगलं, उलट्या थांबेनात. ताईंनी तिला आपल्याच रुग्णालयात आणलं. सुरुवातीच्या तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचं भाडं यातच ताईंची शिल्लक संपली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलत होती, पण ती खाटेच्या भाड्यापुरती. बुधवारी धाकटा येऊन पोचला, तोवर डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं: आतडं पिळलंय, कापावं लागेल, वय पाहता शब्द देता येणार नाही.

"ऑपरेशन झालं तर शुद्धीवर येईल ना?" धाकट्यानं विचारलं.

"येतील. पुढचं पुढं बघू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खोटा धीर दिला नाही, हे त्यांचं चांगलं होतं.

आई तेव्हा अर्धवट भानावर होती. ग्लानीतसुद्धा तिनं धाकट्याचा हात धरला आणि दाराकडं पाहिलं. "भिंगरी नाही आली?"

"येतेय, आई. उद्या तिचा पेपर आहे, तो दिला की निघतेय."

खरंच तसं ठरलं होतं. धाकट्यानं मुलीला फोन केला तेव्हा ती म्हणाली होती, पप्पा, एकच पेपर उरलाय, तो देऊन लगेच विमानात बसते. गुरुवारी पेपर, शुक्रवारी पहाटेचं विमान, शुक्रवारी संध्याकाळी इथं.

धाकटा हिशेबाचा पक्का. ते त्यानं ताईंकडूनच उचललेलं. त्याच्याकडं एकच कार्ड होतं आणि त्यावर साडेअकरा हजार उरले होते, त्याच्या तिकडच्या चलनात. घराचा हप्ता, मुलीची फी, स्वतःचं ऐन वेळेचं तिकीट, सगळं त्याच महिन्यात गेलेलं. पगाराला अजून आठवडा होता. रुग्णालयाची अनामत त्या दिवशीच्या दरानं बरोबर दहा हजारांची होत होती. बँकेचे शेकडा तीन धरून दहा हजार तीनशे. पैसे प्रत्यक्ष चढेपर्यंत दर इकडं-तिकडं झाला तर म्हणून त्यानं आणखी पन्नास सोडले. उरले अकराशे पन्नास. भिंगरीचं तिकीट अकराशेचं. रुग्णालयाच्या बाकावर बसून त्यानं हे सगळं ताईंना समजावून सांगितलं.

"बसतंय बरोबर," तो म्हणाला.

"बसतंय," ताई म्हणाल्या. त्यांचं अर्धं लक्ष वरच्या मजल्यावर होतं.

अनामत भरायला तो गुरुवारी दुपारी काउंटरवर आला. ताईंनी त्या दिवशी रजा घेतली नव्हती. काउंटरवर बसलं की निदान हात हलतात. मागं दोन माणसं उभी होती. वरून निरोप आला होता, की पैसे भरल्याची पावती आली की पेशंटला आत घेतात. मोठ्या मॅडमही नेमक्या ताईंच्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचं चुकीचं काही नव्हतं. ताईंच्या आईचं म्हणून त्या मुद्दाम खाली आल्या होत्या, सगळं लवकर व्हावं म्हणून. धाकट्यानं कार्ड पुढं केलं. ताईंनी ते खाचेत घातलं. कार्ड आत, अंगठा डावीकडे, पावती बाहेर.

"इथं सही करा हं," ताई म्हणाल्या. सख्ख्या भावाला त्या अहो-जाहो करून गेल्या, हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही.

धाकट्याचा फोन खिशात थरथरला. त्यानं तो काढून पाहिला, पावतीकडं पाहिलं, मग ताईंकडं पाहिलं. आणि सही केली.

ऑपरेशन झालं. संध्याकाळी धाकटा तिकीट काढायला बसला, तर कार्ड घेईना. एकदा, दोनदा, तीनदा. तो बाहेर जाऊन बँकेशी बराच वेळ बोलला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"तिकीट होत नाहीये," तो ताईंना म्हणाला. "माझाच हिशेब चुकला बहुतेक. मर्यादा वाढवायला अर्ज घेतलाय त्यांनी, पण कामाचे दोन दिवस लागतात म्हणे."

म्हणजे सोमवार. ताईंनी आपलं कार्ड काढून दिलं. त्यात फार काही नव्हतंच, आणि वर त्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. भिंगरीच्या आईच्या खात्यातही महिनाअखेरचं जेवढं असतं तेवढंच. पहाटेचं विमान भिंगरीला न घेता गेलं.

शुक्रवारी सकाळी ताई आदल्या दिवशीच्या पावत्या लावायला बसल्या. रोजचंच काम, रुग्णालयाची प्रत एकीकडं, यंत्राचा गोषवारा एकीकडं. धाकट्याची पावती हातात आली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अशी पावती वाचली. दहा हजार सातशे. खाली दर. दराखाली बारीक अक्षरांत, शेकडा सात. त्याखाली, मला दोन्ही चलनांची निवड दिली होती. त्याखाली धाकट्याची सही, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या जागी ताई सही करत तिच्यासारखीच तिरकी.

साडेअकरा हजारांतून दहा हजार सातशे गेले की आठशे उरतात. एवढी वजाबाकी करायला ताईंना कागद लागला नाही. उजवा चौकोन दाबला असता, तर भिंगरी आत्ता विमानात असती.

त्या जिन्यानं वर गेल्या. लिफ्टची वाट बघणं त्यांना जमलं नाही. "मॅडम, हा व्यवहार रद्द करून इथल्या चलनात परत घ्यायचाय."

मोठ्या मॅडमनी पावती पाहिली. "काल सांगायचं ना, ताई. त्याच दिवशी रद्द करता येतं. रात्री यंत्रानं हिशेब बंद करून बँकेला पाठवला. आता परतावाच करावा लागेल. तो त्यांच्या कार्डावर दिसायला आठवडा, दहा दिवस. तोवर त्यांचे हे पैसेही अडकलेले आणि नव्यानं भरायचे वेगळे." त्यांनी पावतीच्या तळाशी बोट ठेवलं. "आणि त्यांनी सही केलीये."

"सही मी करून घेतली."

मॅडमनी मान खाली घातली. ताईंना त्यांना बोल लावता येईना. घड्याळ घरच्या भिंतीवर ताईंनी स्वतःच लावलं होतं.

मग ताईंनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्या मजल्या-मजल्यावर फिरल्या आणि हात पसरले. औषधांच्या खिडकीवरच्या मुलीनं दिले, लिफ्टवाल्यानं दिले, धुलाईच्या खोलीतल्या बायकांनी आपापसांत गोळा करून दिले. कुणी का म्हणून विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत रोख जमली आणि कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्यानं ती मोजून घेतली. शुक्रवारच्या रात्रीच्या विमानात जागा उरली नव्हती. शनिवारी संध्याकाळचं मिळालं. रविवारी सकाळी इथं.

आई शुक्रवारी दिवसभर जागी होती. नळ्यांच्या जंजाळातून ती दाराकडं बघे. दार उघडलं की डोळे मोठे करी, आणि नर्स दिसली की मिटून घेई. ताईंनी तिच्या कानाशी फोन धरला, पलीकडून भिंगरी "आजी, आजी" म्हणत राहिली. आजीनं हात वर करून फोन बाजूला सारला. तिला आवाज नको होता, पोर हवी होती.

शनिवारी सकाळी तिनं विचारलं, "निघाली?"

"निघतेय, आई. तिकीट हातात आहे."

"मग थांबते," आई म्हणाली. पण थांबणं तिच्या हातात नव्हतं. दुपारी ताप चढला, रक्तदाब ढासळला, आणि भिंगरी तिकडं घरातून बॅग घेऊन निघायच्या आत आई गेली.

रविवारी विमानतळावर धाकट्यानं मुलीला सांगितलं. ती तिथंच जमिनीवर बसली म्हणे. ताई नव्हत्या गेल्या. त्या घरी आईच्या साड्या घड्या करत होत्या, घड्या मोडून परत करत होत्या.

अंत्यविधी झाला, माणसं आली आणि गेली. चौथ्या दिवशी धाकटा आणि ताई गॅलरीत बसले होते. चहा निवून गेला होता. भिंगरी आत आजीच्या कॉटवर पडून होती.

"तुला एक सांगायचंय," ताई म्हणाल्या. "तुझा हिशेब चुकला नव्हता."

"ताई, राहू दे."

"ऐकून तर घे. मी तुला न विचारता—"

"मला माहीत आहे." धाकटा रस्त्याकडं बघत म्हणाला. "मी काउंटरवर उभा होतो तेव्हाच बँकेचा मेसेज आला. दहा हजार जायला हवे होते, गेले दहा हजार सातशे. पावतीवरही तेच. कळलं मला, काय झालं ते."

ताई चिडल्या, गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच. "कळलं होतं, मग बोलला का नाहीस? दोन मिनिटांचं काम होतं. मी तिथल्या तिथं रद्द केलं असतं."

"तुझ्या मॅडम मागं उभ्या होत्या. त्यांच्यासमोर तुला कसं म्हणू, की ताई तू चुकलीस? आणि वाटलं, बँकेला एक फोन केला की वाढवून देतील." त्यानं निवलेल्या चहाचा कप बाजूला सारला. "शिवाय तू लहानपणापासून पैसे मोजून माझ्या हातात ठेवलेस. मी कधी परत मोजून घेतले का?"

ताई रडल्या. आई गेल्यावर त्या रडल्या नव्हत्या, माणसांना पाणी देत फिरत होत्या, आता रडल्या. धाकट्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्याला ते जमत नव्हतं, आजवर कधी वेळच आली नव्हती.

"भिंगरीला यातलं काही सांगू नकोस," तो म्हणाला. "मी तिला कार्डाचा घोटाळा झाला एवढंच बोललोय. तुझ्यावर जीव आहे तिचा. तेवढा तरी राहू दे."

ताईंनी मान हलवली. त्यांनाही तेच हवं होतं. खरं तर हवंच होतं. आई गेली, आता जीव लावणारं या पोरीशिवाय त्यांना कोण उरलं होतं?

धाकटा परतीच्या कागदपत्रांसाठी बाहेर गेला. ताई आत आल्या. भिंगरी कॉटवर उठून बसली होती, आजीची उशी मांडीवर घेऊन.

"आत्या, खरं सांगशील?"

"काय गं?"

"मी तो पेपर सोडून द्यायला हवा होता ना? बुधवारी पप्पांचा फोन आला तेव्हाच निघायला हवं होतं. त्या पेपरात मी काही लिहिलंही नाही नीट. आजी वाट बघत होती आणि मी तिथं बसून पेन चावत होते." तिनं उशीची कड मुठीत धरली. "पप्पा कार्डाचं म्हणतात, पण ते मला बरं वाटावं म्हणून. मला माहितीये, माझ्यामुळंच झालं."

ताई कॉटच्या कडेला बसल्या. पोरीचा चेहरा सुकला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. नुसतं "नाही गं" म्हणता आलं असतं. चार वेळा म्हटलं असतं, तर पोरीनं ऐकल्यासारखं केलं असतं आणि जन्मभर तो पेपर उशाशी घेऊन निजली असती.

"तुझ्यामुळं नाही," ताई म्हणाल्या. "पेपर देऊनही तू पोचली असतीस. शुक्रवारी संध्याकाळी आजीनं तुला पाहिलं असतं. माझ्यामुळं राहिलं ते."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. यंत्र, दोन चौकोन, सवय, शेकडा सात, सही. मॅडमचं नाव पुढं केलं नाही, गर्दीचं कारण दिलं नाही. आवाज काउंटरवरच्यासारखाच हळू होता, कारण त्यांना दुसरा येत नव्हता.

भिंगरी ऐकत राहिली. "तू पप्पांना विचारलंही नाहीस?" एवढंच तिनं विचारलं.

"नाही."

"इतरांनाही नाही विचारायचीस?"

"बऱ्याच दिवसांत नाही."

भिंगरीनं उशी जागेवर ठेवली, चादर सारखी केली. मग ती उठली, पलीकडच्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून तिचं रडणं ऐकू आलं, मोकळं, लहानपणी रडे तसं. ताई दारापर्यंत गेल्या. कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, पण दार वाजवलं नाही.